चिकटवलेल्या यादीतील रिकाम्या ओळी आणि पुन्हा पुन्हा येणारे मथळे काढण्यापूर्वी

प्रश्न: तीन बंदरांवरून आलेल्या मासळीच्या याद्या मी एक्सेलच्या एकाच शीटमध्ये खाली खाली चिकटवल्या. आता मध्ये रिकाम्या ओळी आहेत, दोन-तीन रकाने रिकामे आहेत आणि दर थोड्या अंतराने तोच मथळा येतो. F5 दाबून Special मध्ये Blanks निवडले आणि ओळी डिलीट केल्या, तर निम्म्याहून जास्त नोंदीच गेल्या. हे सगळे एकदम साफ करण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

उत्तर:

नोंदी का गेल्या, ते आधी सांगतो. Blanks हा पर्याय रिकाम्या ओळी शोधत नाही, तो रिकामे सेल शोधतो. आपल्या यादीत शेरा हा रकाना असणार आणि बहुतेक नोंदींपुढे शेरा लिहिलेला नसणार. त्यामुळे ज्या ओळीत फक्त शेऱ्याचा सेल रिकामा होता, ती ओळही निवडली गेली आणि Entire row सांगितल्यावर पूर्ण पुसली गेली. त्याच ठिकाणी Shift cells up निवडले असते, तर नुकसान कमी दिसले असते, पण प्रत्यक्षात ते जास्त झाले असते, कारण एका नोंदीचा शेरा वर सरकून दुसऱ्याच नौकेपुढे जाऊन बसला असता आणि यादी वरवर नीटनेटकी दिसली असती.

मात्र माझ्या मते खरी अडचण पुसण्याची नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या तक्त्यांमधल्या रिकाम्या ओळी आणि मधले मथळे म्हणजे जिथे दोन तुकडे जोडले गेले तिथली शिवण असते. तुकडा कुठे सुरू झाला, तो कोणत्या बंदराचा आहे आणि त्याच्या रकान्यांचा क्रम काय आहे, ही माहिती बहुधा त्या शिवणीवरच लिहिलेली असते, नोंदींमध्ये नसते. शिवण आधी उसवली की ही माहिती परत मिळत नाही. म्हणून मी हे काम करतो तेव्हा आधी मथळे वाचतो, मग रकाने जुळवतो आणि पुसण्याचे काम सर्वांत शेवटी करतो. आपल्या याद्या नेमक्या कशा आल्या आहेत यावर काही गोष्टी अवलंबून राहतील; जिथे फरक पडेल तिथे तसे सांगेन.

एक प्रत्यक्ष केलेले काम उदाहरणादाखल घेतो. एका मच्छीमार सोसायटीसाठी मी फेब्रुवारी महिन्याच्या चार याद्या एकत्र केल्या होत्या. हर्णे आणि नाटे यांच्या याद्या एक्सेलमध्ये होत्या, दाभोळची नऊ पानांची पीडीएफ होती आणि जयगडची यादी एका वेबपानावरून उचललेली होती. सगळे मिळून ४८६ ओळी झाल्या. तारीख, नौका, मासळी, वजन, दर, रक्कम आणि शेरा असे सात रकाने अपेक्षित होते. प्रत्यक्षात शीट नऊ रकान्यांपर्यंत पसरली होती.

पहिले काम म्हणजे मूळ शीटची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवणे. त्यानंतर डावीकडे चार नवे रकाने आणि सर्वांत वर एक नवी ओळ घातली. A मध्ये १ पासून ४८६ पर्यंत सलग क्रमांक भरला, B हा बंदरासाठी, C भरलेल्या सेलांच्या संख्येसाठी आणि D प्रकारासाठी ठेवला. मूळ मजकूर आता E पासून M पर्यंत होता. पहिल्या ओळीत प्रत्येक रकान्याला, अगदी रिकाम्या रकान्यालाही, काही ना काही नाव दिले. यामागे दोन कारणे आहेत. एक्सेलमध्ये फिल्टर किंवा सॉर्ट लावताना तक्ता कुठपर्यंत आहे याचा अंदाज प्रोग्रॅम स्वतः बांधतो आणि पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा रकाना लागला की तिथेच थांबतो. त्यामुळे पुष्कळदा पहिल्या तुकड्यालाच फिल्टर लागतो आणि खालचे तीन तुकडे तसेच राहतात, हे लक्षातही येत नाही. क्रमांकाचा रकाना आणि नावांची ओळ भरली की असा खंड कुठेच उरत नाही. दुसरे कारण असे की, पुढे कशाही प्रकारे सॉर्ट केले तरी A च्या आधारे मूळ क्रमावर परतता येते.

आता मथळे. ४८६ ओळी डोळ्यांखालून घालण्याऐवजी Ctrl+F दाबून "वजन" हा शब्द लिहावा आणि Find All वर टिचकी मारावी. खाली जी यादी उघडते, तीत प्रत्येक सापडलेल्या सेलचा पत्ता असतो आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातली ती सर्वांत उपयोगी खिडकी आहे. माझ्या शीटमध्ये बारा पत्ते आले. हर्णे आणि नाटे यांचा एकेक मथळा होता आणि तिथे वजन H रकान्यात होते. दाभोळचे नऊ मथळे, म्हणजे पीडीएफच्या प्रत्येक पानाचा एक, हे सर्व I मध्ये होते. जयगडचा एक, तोही I मध्ये होता. नऊ पानांना नऊ मथळे हा हिशेब जुळला, हेही महत्त्वाचे होते. आठच सापडले असते, तर एखादे पान चिकटवायचे राहिले असे मी समजलो असतो. सगळीकडे मथळ्याचे शब्द सारखे नसतात, कोणी नुसते "किलो" लिहितो, म्हणून तोही शब्द शोधून पाहावा.

दाभोळ आणि जयगड या दोन्ही तुकड्यांत वजन I मध्ये दिसत होते, पण कारणे अगदी वेगळी होती. दाभोळच्या पीडीएफमध्ये नौकेच्या नावाचा सेल रुंद, म्हणजे दोन रकान्यांचा होता. चिकटवल्यावर नाव F मध्ये बसले, G पूर्ण रिकामा राहिला आणि पुढचे सर्व काही एक घर उजवीकडे सरकले. जयगडच्या यादीत काहीच सरकले नव्हते. तिथे मुळातच आधी दर आणि मग वजन असा क्रम होता. मथळा पुसून टाकल्यावर ही अदलाबदल कशी ओळखणार? बांगडा १४० किलो आणि दर १२० रुपये ही नोंद उलटी वाचली, तर १२० किलो आणि दर १४० रुपये होते. दोन्ही आकडे शक्य कोटीतले आहेत आणि रक्कम दोन्हीकडे १६,८०० रुपयेच येते. गुणाकार तपासून ही चूक सापडत नाही. तुकड्याखालच्या एकूण वजनाच्या ओळीवरून फार तर बेरीज जुळत नाही एवढेच कळते, ती का जुळत नाही ते कळत नाही. याचा स्पष्ट पुरावा फक्त त्या एका मथळ्यात होता आणि प्रश्नात आपण तोच सर्वांत आधी काढू पाहत आहात.

म्हणून मथळे जागच्या जागी असतानाच रकाने जुळवून घ्यावेत. जयगडच्या तुकड्यात मी H आणि I मधला मजकूर, मथळ्यासह, आपापसांत बदलला. दाभोळच्या तुकड्यात G रिकामा असला तरी संपूर्ण G रकाना काढता येत नव्हता, कारण बाकीच्या तीन तुकड्यांत त्याच रकान्यात मासळीची नावे होती. रिकाम्या रकान्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो: एका तुकड्यापुरता रिकामा असलेला रकाना आणि संपूर्ण शीटमध्ये रिकामा असलेला रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात फक्त त्या तुकड्याचे त्या रकान्यातले सेल निवडून Delete आणि मग Shift cells left द्यावे. हे करण्यापूर्वी त्या पट्ट्यात खरोखर काही नाही, हे COUNTA ने तपासून घ्यावे. त्यानंतर पुन्हा एकदा Find All करून बाराही मथळे H मध्ये आले आहेत, याची खात्री केली. बंदराचे नाव प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एका ओळीत होते, ते B मध्ये त्या तुकड्याच्या सर्व ओळींपुढे भरले. चारच तुकडे होते, त्यामुळे यासाठी सूत्र लिहिण्याचा खटाटोप केला नाही; पहिल्या सेलमध्ये नाव लिहून तुकडा संपेपर्यंत Ctrl+D ने खाली उतरवले.

आता रिकाम्या ओळी. COUNTA ने मोजल्यावर मला ३१ ओळी रिकाम्या मिळाल्या, पण डोळ्यांना त्याहून जास्त दिसत होत्या. जयगडच्या वेबपानावरून आलेल्या काही रिकाम्या सेलांमध्ये न तुटणारी मोकळी जागा होती. तिचा कोड १६० असतो. ती दिसत नाही, COUNTA तिला मजकूर धरते आणि नुसते TRIM तिला काढत नाही, कारण TRIM फक्त साधी, म्हणजे ३२ कोडची मोकळी जागा काढते. म्हणून C मध्ये मी हे सूत्र वापरतो:

```
=SUMPRODUCT(--(LEN(TRIM(SUBSTITUTE(E2:M2,CHAR(160)," ")))>0))
```

हे सूत्र त्या ओळीत खरोखर काही लिहिलेले सेल किती आहेत, ते सांगते. उत्तर ० आले, तर ओळ रिकामी. A ते D हे आपलेच रकाने असल्यामुळे ते मोजणीत येता कामा नयेत, नाहीतर एकही ओळ रिकामी ठरणार नाही. या सूत्राने ३१ च्या जागी ३९ ओळी दाखवल्या. एखादी ओळ रिकामी दिसते आणि तरीही C मध्ये १ येतो, असे झाले तर त्या सेलवर `=UNICODE(F57)` असे लिहून पाहावे. ८२०३ आले, तर ते शून्य रुंदीचे अक्षर आहे आणि वरच्या सूत्रात `UNICHAR(8203)` साठी आणखी एक SUBSTITUTE घालावा लागेल. ओळीत #N/A सारखी चूक असेल, तर हे सूत्रही चूकच दाखवेल, पण ती समोर दिसते, म्हणून मला तिचा त्रास वाटत नाही.

मथळे ओळखताना मथळ्याचे शब्द शोधण्यापेक्षा नोंद कशी असते हे ठरवणे जास्त भरवशाचे आहे. मासळीच्या यादीतली खरी नोंद म्हणजे जिच्यात तारीख ही खरी तारीख आहे आणि वजन हा खरा आकडा आहे. मथळ्यात या दोन्ही गोष्टी नसतात. "एकूण" च्या ओळीत वजन असते, पण तारीख नसते. "वारा, होड्या बंद" अशा ओळीत तारीख असते, पण वजन नसते. म्हणून D मध्ये:

```
=IF(C2=0,"रिकामी",IF(AND(ISNUMBER(E2),ISNUMBER(H2)),"नोंद","पाहा"))
```

तिसऱ्या प्रकाराला मी मुद्दाम "पुसा" न म्हणता "पाहा" म्हटले आहे. पहिल्यांदा हे सूत्र लावले तेव्हा दाभोळच्या सर्वच नोंदी "पाहा" मध्ये गेल्या, कारण पीडीएफमधल्या तारखा ठिपके देऊन लिहिलेल्या होत्या आणि एक्सेलच्या लेखी तो नुसता मजकूर होता. त्या तुकड्याचा तारखेचा पट्टा निवडून Data मधील Text to Columns मध्ये गेलो, शेवटच्या पायरीवर Date आणि DMY निवडले आणि त्या खऱ्या तारखा झाल्या. एखादा अख्खा तुकडा "पाहा" मध्ये गेला, तर सूत्रात दोष शोधू नये. त्या तुकड्याच्या तारखा किंवा आकडे मजकूर म्हणून उतरले आहेत, असे समजावे.

त्यानंतर ४१७ नोंदी, ३९ रिकाम्या आणि ३० "पाहा" असा हिशेब आला. तीस ओळी डोळ्यांनी वाचायला पाच मिनिटे पुरतात. त्यांत १२ मथळे, ४ बंदरांच्या नावांच्या, ४ एकूण वजनाच्या आणि ९ होड्या बंद असल्याच्या ओळी होत्या. तिसावी ओळ ही खरी नोंद होती: नाट्याच्या यादीत कोणीतरी वजनाच्या जागी "45 किलो" असे लिहिले होते. किलो हा शब्द काढला आणि ती नोंद आपल्या जागी आली. शब्द जुळवून किंवा जे आकडा नाही ते सरसकट काढून मथळे पुसले असते, तर ही नोंदही त्यांच्याबरोबर गेली असती. होड्या बंदच्या नऊ ओळी सोसायटीला हव्या होत्या, म्हणून त्या वेगळ्या शीटवर हलवल्या. आपल्याला त्या नको असतील, तर हा निर्णय आपण घ्यावा, तो सूत्राने घ्यायचा नाही.

पुसण्यापूर्वी एकूणच्या चार ओळींचा उपयोग करून घ्यावा, कारण एकदा त्या गेल्या की तपासायला काही उरत नाही. प्रत्येक बंदरासाठी नोंदींचे वजन असे काढता येते:

```
=SUMIFS(H2:H487,B2:B487,"हर्णे",D2:D487,"नोंद")
```

हा आकडा त्या बंदराच्या एकूण ओळीतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळला नाही, तर पान राहिले आहे, पान दोनदा चिकटवले गेले आहे किंवा मूळ यादीतली बेरीजच चुकलेली आहे. यांपैकी काय ते मूळ कागदावर जाऊनच कळते. माझ्या कामात चारही जुळले.

मग प्रत्यक्ष पुसणे अगदी सोपे आहे. C आणि D हे रकाने कॉपी करून त्याच जागी Paste Values केले, जेणेकरून ओळी हलल्यावर प्रकार बदलू नयेत. D वर फिल्टर लावून "रिकामी" आणि "पाहा" निवडले, दिसणाऱ्या ओळी निवडून Delete Row दिले आणि फिल्टर काढला. फिल्टरने लपवलेल्या ओळींना याने धक्का लागत नाही. मात्र आपण हाताने, म्हणजे Hide करून लपवलेल्या ओळी मध्ये असतील, तर त्याही पुसल्या जाऊ शकतात; तशा असतील तर पुसण्यापूर्वी Alt आणि ; दाबून फक्त दिसणारे सेल निवडावेत. हा भेद ज्यांना लक्षात ठेवायचा नसेल, त्यांनी D नुसार सॉर्ट करावे, नको असलेल्या ओळी एका गठ्ठ्यात पुसाव्यात आणि A नुसार पुन्हा सॉर्ट करावे. शेवटी ४१८ नोंदी राहिल्या आणि ४१८ अधिक ३९ अधिक २९ म्हणजे ४८६ हा हिशेब पूर्ण झाला.

रकान्यांची तपासणी मात्र मी मथळे पुसण्यापूर्वीच करून घेतली होती. प्रत्येक रकान्यासाठी वरचेच मोजणीचे सूत्र उभ्या पट्ट्यावर, म्हणजे उदाहरणार्थ L2:L487 वर लावले. M मध्ये ० आले, म्हणून तो रकाना बिनधास्त काढला. L मध्ये ९ आले. नऊ हा दाभोळच्या मथळ्यांचा आकडा होता. पाहिले, तर पीडीएफमध्ये "सही" असा रकाना होता आणि मथळ्यांखेरीज त्यात काहीही लिहिलेले नव्हते. भरलेल्या सेलांची संख्या मथळ्यांच्या संख्येइतकीच असेल, तर तो रकाना नावापुरताच आहे, हे यावरून समजते. शेऱ्याचा रकाना मोजणीत कमी भरलेला दिसला, पण तो ठेवला, कारण कमी भरलेला म्हणजे रिकामा नव्हे.

आपल्याला कोणी Remove Duplicates सुचवले, तर ते इथे वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एकसारखे मथळे, एक सोडून, एका फटक्यात जातात हे खरे आहे. पण त्याच दिवशी त्याच नौकेने सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी २० किलो तारली त्याच दराने उतरवली असेल, तर त्या दोन नोंदी अक्षरशः सारख्या असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. माझ्या ४१८ नोंदींमध्ये अशा तीन जोड्या होत्या.

आपल्या यादीत एखादी तारीख एकदाच लिहून खालच्या ओळींसाठी सेल एकत्र केलेले असतील, तर क्रम थोडा बदलतो. एकत्र केलेले सेल सुटे केल्यावर तारीख फक्त सर्वांत वरच्या सेलमध्ये राहते आणि बाकीच्या नोंदी "पाहा" मध्ये जातात. अशा वेळी एकूण वजनाच्या ओळी आधी दुसऱ्या शीटवर काढून ठेवाव्यात आणि पूर्ण रिकाम्या ओळी पुसाव्यात. मग त्या तुकड्याचा तारखेचा पट्टा निवडून F5, Special, Blanks असे करावे, = लिहून वरच्या बाणाची कळ दाबावी, Ctrl+Enter द्यावे आणि पट्ट्याचे Paste Values करावे. Blanks चा योग्य उपयोग हा आहे. एकूणच्या ओळी आधी काढल्या नाहीत, तर त्यांनाही तारीख मिळते, त्या "नोंद" ठरतात आणि त्या तुकड्याचे वजन दुप्पट होते.

हे काम दर महिन्याला करायचे असेल, तर एक्सेल २०१६ पासून आत असलेले पॉवर क्वेरी शिकणे फायद्याचे आहे, कारण पायऱ्या एकदा लिहिल्या की पुढच्या महिन्यात त्या आपोआप पुन्हा चालतात. तिथेही दोन ठिकाणी जपावे. Remove Blank Rows हा पर्याय मोकळी जागा असलेल्या ओळीला रिकामी मानत नाही, त्यामुळे आधी जागा साफ करावी लागते. आणि वजनाचा रकाना आकड्यांचा केल्यावर मथळ्यांच्या जागी Error दिसते, म्हणून पुष्कळजण Remove Errors देऊन मोकळे होतात; त्यात "45 किलो" सारख्या नोंदीही जातात. त्याऐवजी Keep Errors ची एक वेगळी क्वेरी ठेवावी आणि तीत मथळ्यांखेरीज काय अडकले आहे, ते दर महिन्याला उघडून पाहावे. जयगडसारखा रकान्यांचा क्रम बदललेला असेल, तर चारही याद्या वेगवेगळ्या क्वेरींमध्ये घ्याव्यात, बंदराचे नाव वेगळ्या रकान्यात घेऊन त्याची वरची ओळ काढावी, प्रत्येकीचा मथळा Use First Row as Headers ने वर चढवावा, मथळ्यांची नावे सारखी करावीत आणि मगच Append करावे. Append रकाने नावानुसार जोडते, जागेनुसार नाही, त्यामुळे दर आणि वजन यांची अदलाबदल आपोआप सुटते.